८९ ची साखळी: १४ व्या पायरीलाच पॅलिंड्रोम आला, ताळाही जुळतो. मग चूक कुठे?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. माझा भाचा सातवीत आहे, विश्रामबागेत आमच्याकडेच राहतो. नदीचं पाणी वाढलंय म्हणून शाळेला सुट्टी आहे, आणि बाईंनी सुट्टीसाठी एक खेळ दिलाय. कुठलीही संख्या घ्यायची, ती उलटी लिहायची आणि दोन्हींची बेरीज करायची. बेरीज डावीकडून आणि उजवीकडून सारखी वाचता आली तर थांबायचं, नाहीतर तीच बेरीज पुन्हा उलटी करून मिळवायची. उदा. ५७ + ७५ = १३२, मग १३२ + २३१ = ३६३. दोन पायऱ्यांत संपलं.

पोराने हट्टाने ८९ घेतलं. वहीत उतरलेली साखळी देते. कंसातला आकडा म्हणजे नवाचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची. तो आमच्या बाबांनी त्याला शिकवलाय.

सुरुवात ८९ (८)
१. १८७ (७)
२. ९६८ (५)
३. १८३७ (१)
४. ९२१८ (२)
५. १७३४७ (४)
६. ९१७१८ (८)
७. १७३४३७ (७)
८. ९०७८०८ (५)
९. १७१६५१७ (१)
१०. ८८७२६८८ (२)
११. १७७३५४७६ (४)
१२. ८५१९२८४७ (८)
१३. १६००२२००५ (७)
१४. ६६०२४२०६६ (५)

शेवटची संख्या बघा, ६६०२४२०६६, सरळ-उलट एकच. पण बाईंनी कागदावर खाली लिहिलंय की ८९ ला २४ पायऱ्या लागतात आणि उत्तर ८८१३२०००२३१८८ येतं. ताळा सगळीकडे ८, ७, ५, १, २, ४ असाच फिरतोय, कुठे तुटत नाही. चूक असेल तर ती शोधायची कशी? त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावावंसं वाटत नाही.

अप्पा_तासगाव

आवो ताई, सरळ-उलट सारखं म्हंजे आमच्या लहानपणीचं 'तो कवी डालडा विकतो' आणि 'चिमा काय कामाची'. असली वाक्यं मी लई गोळा केल्यात. पोराला पायजे असतील तर वहीच्या वही देतो लिहून.

वारणाकाठ

अप्पा, त्याला ती वाक्यं आवडतील, जरूर द्या. पण इथला प्रश्न आकड्यांचा आहे. एकच सुरुवात आणि दोन वेगळी उत्तरं, असं होतंय.

मंजिरी_मिरज

ताळा प्रत्येक ओळीला जुळतोय म्हणजे बेरजा बरोबरच आहेत. मला वाटतं बाईंच्या कागदावर पायऱ्या वेगळ्या पद्धतीने मोजल्या असतील. किंवा ६६०२४२०६६ आल्यावर न थांबता कोणीतरी पुढे चालत राहिलं असेल आणि २४ व्या पायरीला दुसरा पॅलिंड्रोम मिळाला असेल. पॅलिंड्रोम उलटा केला तरी तोच राहतो, त्यात तोच मिळवला की दुप्पट होते, मग खेळ पुढे सरकतोच. तुमच्या भाच्याचं बरोबर आहे, तो योग्य ठिकाणी थांबला.

हातचा_एक

मंजिरीताई, तसं नाहीये. मशीनला लावून बघितलं, १४ व्या पायरीला पॅलिंड्रोम येतच नाही. हा छोटा प्रोग्रॅम आहे, कोणालाही चालवता येईल:

```python
n, k = 89, 0
while str(n) != str(n)[::-1] and k < 100:
    n = n + int(str(n)[::-1])
    k = k + 1
    print(k, n, n % 9, n % 11)
```

`k < 100` ही अट काढू नका. काही संख्यांना ती नसेल तर प्रोग्रॅम कधी थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही.

वहीतल्या पहिल्या ११ ओळी तंतोतंत बरोबर आहेत. फाटा फुटतो १२ व्या ओळीला. तिथे ८५१८९२४७ पाहिजे, वहीत ८५१९२८४७ आहे. पुढची खरी साखळी अशी:

१२. ८५१८९२४७
१३. १५९४८७४०५
१४. ६६४२७२३५६
१५. १३१७५४४८२२
१६. ३६०२००१९५३
१७. ७१९३००४०१६
१८. १३२९७००७९३३
१९. ४७२६७०८७१६४
२०. ९३४४५१६३४३८
२१. १७६८८१३१७८७७
२२. ९५५५९४५०६५४८
२३. १८०१२००००२१०७
२४. ८८१३२०००२३१८८

म्हणजे बाईंचा कागद बरोबर आहे. १२ व्या ओळीत नेमकं काय झालं ते वहीचं पान बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तिथेही ताळा ८ च येतो, आठ हवा आणि आठच आहे, हे विचित्र आहे.

मुनीम_मार्केटयार्ड

मी गणितातला माणूस नाही. हळदीच्या अडतीवर कीर्द-खतावणी लिहिण्यात आयुष्य गेलं. पण हे दोन आकडे बघून हात थांबला नाही, म्हणून लिहितो.

तेरीज जुळली नाही की आम्ही आधी फरक काढतो. त्या फरकाला नवाने पूर्ण भाग गेला की समजायचं, लिहिताना दोन अंक मागेपुढे पडलेत. ५४०० च्या जागी ४५०० लिहिलं तर फरक ९००. ७२ च्या जागी २७ पडलं तर ४५. दरवेळी नवाच्या पाढ्यातला आकडा.

इथे फरक काढा. ८५१९२८४७ वजा ८५१८९२४७ म्हणजे ३६००. नवाने भाग जातो. ३६०० म्हणजे ९०० च्या चौपट. ९०० हा शतक आणि हजार या शेजारच्या दोन घरांतला फरक, आणि चौपट म्हणजे त्या दोन अंकांत ४ चं अंतर. मी सांगतो, पोराने उलटी संख्या लिहिताना हजार आणि शतकाच्या घरातले दोन अंक अदलाबदल केलेत. ११ व्या ओळीतला १७७३५४७६ उलटा केला की ६७४५३७७१ येतो. त्यात हजाराच्या घरी ३ आणि शतकाच्या घरी ७ आहे. ३ आणि ७ मध्ये अंतर ४. ताई, वहीत बघा, ६७४५७३७१ असं लिहिलं असेल.

वारणाकाठ

काका, नमस्कार करते तुम्हाला. पान उघडून बघितलं, पेन्सिलीत ६७४५७३७१ असंच आहे! वही न बघता तुम्ही चूक शोधलीत. पोरगं 'त्यांना कसं कळलं' म्हणून माझ्यामागे लागलंय.

आता माझे दोन प्रश्न. काकांना चूक सापडली कारण खरा आकडा मशीनने दिला होता. मशीन नसताना, नुसती वही आणि पेन्सिल असताना, हे कसं पकडायचं? आणि दुसरं, चुकलेल्या वाटेने जाऊनही पॅलिंड्रोम कसा काय आला?

गणित_निवृत्त

मुनीमकाकांनी जे केलं त्यातच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. दोन अंक मागेपुढे पडल्याने फरक नवाच्या पटीत पडतो, आणि फरक नवाच्या पटीत असला की ताळा हलत नाही. म्हणून नवाचा ताळा या चुकीला आंधळा आहे. अंक तेच राहिले, फक्त जागा बदलल्या, आणि ताळ्याला जागा दिसत नाहीत. एरवी तो इथे फार कामाचा आहे. उलट्या संख्येचा ताळा मूळ संख्येइतकाच असतो, म्हणून दर पायरीला ताळा दुप्पट होत जातो: ८ चे १६ म्हणजे ७, ७ चे १४ म्हणजे ५, ५ चे १० म्हणजे १, मग २, ४ आणि पुन्हा ८. हातचा विसरला तर हे चक्र लगेच तुटतं. अंक उलटे लिहिताना घसरलात तर तुटत नाही.

तर उलटं लिहिण्याची पायरीच काढून टाकू. मी मुलांना हे असं करायला लावायचो.

१७७३५४७६ घ्या. उलटी संख्या लिहू नका. पहिल्या आणि शेवटच्या अंकाची जोडी लावा, १ आणि ६, बेरीज ७. मग दुसरा आणि शेवटून दुसरा, ७ आणि ७, बेरीज १४. तिसरी जोडी ७ आणि ४, बेरीज ११. चौथी ३ आणि ५, बेरीज ८. अर्धी संख्या संपली. पुढचे चार रकाने कष्ट न करता मिळतात, कारण उलट्या संख्येसोबत बेरीज करताना डावीकडचा पहिला रकाना आणि उजवीकडचा पहिला रकाना यांच्यात तेच दोन अंक येतात, फक्त वरचा खाली आणि खालचा वर. म्हणून रकान्यांच्या बेरजा अशा मांडा:

७, १४, ११, ८, ८, ११, १४, ७

आता उजवीकडून हातचे सोडवा. ७ लिहा. १४ चे ४, हातचा १. ११ आणि १ बारा, २ लिहा, हातचा १. ८ आणि १ नऊ. पुढचा ८ तसाच. ११ चा १, हातचा १. १४ आणि १ पंधरा, ५ लिहा, हातचा १. शेवटी ७ आणि १ आठ. डावीकडून वाचा: ८५१८९२४७. हीच बरोबर १२ वी ओळ.

अंक विषम असतील तर मधला अंक एकटा राहतो, त्याची दुप्पट मधल्या रकान्यात लिहायची. शेवटी शून्य असलं तरी तेही जोडीत धरायचं. ११० मध्ये जोडी १ आणि ०.

भाच्याच्या वहीत उलटी संख्या चुकल्यावर रकाने काय झाले असते तेही बघा. १७७३५४७६ खाली ६७४५७३७१ ठेवलं तर डावीकडून ७, १४, ११, ८, १२, ७, १४, ७. डावा अर्धा आणि उजवा अर्धा आरशातल्यासारखे जुळत नाहीत, ८ समोर १२ आणि ११ समोर ७ आलेत. उलटं लिहून बेरीज करायचीच असेल तर हातचे सोडवण्याआधी ही ओळ एकदा डोळ्यांखालून घालावी. दोन वेगळे अंक आपसात बदलले तर ती जुळूच शकत नाही, कारण एका रकान्यात जेवढी भर पडते तेवढीच दुसऱ्या रकान्यात घट होते.

तेव्हा उलटं लिहिण्याची चूक रकान्यांवरून पकडायची आणि हातच्याची चूक ताळ्यावरून. दोन्ही तपासण्या ठेवाव्यात.

मंजिरी_मिरज

सर, छान समजलं. माझा 'ताळा जुळला म्हणजे बरोबर' हा मुद्दा मागे घेते. पण मग यातून नियमच मिळतो ना? रकान्यांची ओळ मुळातच सरळ-उलट सारखी असते आणि ती मोडतो तो हातचा. म्हणजे हातचा आला नाही तर पॅलिंड्रोम आणि हातचा आला तर नाही. खेळ कधी संपेल ते जोड्या बघूनच कळेल.

गणित_निवृत्त

पहिला भाग पक्का. २३ व्या ओळीवर करून बघा, १८०१२००००२१०७. जोड्या: १ आणि ७ आठ, ८ आणि ० आठ, ० आणि १ एक, १ आणि २ तीन, २ आणि ० दोन, मग शून्यं, मधलंही शून्यच. एकही बेरीज दहापर्यंत पोचत नाही, म्हणून ८८१३२०००२३१८८ हे बेरीज न करताच लिहून टाकता येतं.

दुसरा भाग मात्र खरा नाही. हातचा येऊनही कधीकधी पॅलिंड्रोम बनतो. ५६ घ्या. रकाने ११ आणि ११, दोन्हीकडे हातचा, तरी ५६ + ६५ = १२१. किंवा ६०५ घ्या, रकाने ११, ०, ११, आणि बेरीज ११११. हातच्याने मोडलेली सारखेपणाची घडी हातच्यानेच पुन्हा बसते. म्हणून 'हातचा नाही' ही खूण मिळाली तर खेळ नक्की संपला, पण हातचा आला तर पुढची बेरीज करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

चिंचणीकर

मी हेच एक्सेलमध्ये करून बघितलं होतं. १९६ घेतलं आणि खाली खाली ओढत नेलं. बऱ्याच ओळींनंतर संख्यांच्या शेवटी नुसती शून्यं यायला लागली. मला वाटलं काहीतरी नियम सापडला, पुढे सगळं शून्यांतच जातं. तुमच्यापैकी कोणाला असं दिसलं का?

हातचा_एक

दादा, ती शून्यं गणिताची नाहीत, एक्सेलची आहेत. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंक धरतं, त्यापुढच्या जागी शून्य भरतं. ८९ ची साखळी १३ अंकांतच संपते म्हणून तिला धक्का लागत नाही. १९६ मात्र १५ अंक ओलांडून पुढे जातं, आणि तिथून एक्सेलमधलं सगळं खोटं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही मोठी संख्या दशांशचिन्ह आणि घातांकात दिसायला लागली की खालचे अंक गेले समजायचं. पायथॉन पूर्ण संख्या अखेरपर्यंत जपतं, म्हणून वर तो वापरला.

दुर्वा_कुपवाड

१९६ ला कधीच पॅलिंड्रोम येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे ना? कॉलेजला असताना एका सरांनी सांगितलं होतं.

गणित_निवृत्त

दुर्वा, सापडलेला नाही हे खरं, पण सिद्ध झालेलं नाही. १९६, ८८७, १६७५, ७४३६, १३७८३, ५२५१४ अशी ती साखळी निघते आणि आजवर कोणालाही तिचा शेवट दिसलेला नाही. जॉन वॉकर या प्रोग्रॅमरने १९८७ मध्ये सन कंपनीच्या एका संगणकावर ती लावून ठेवली. संगणक रिकामा असेल तेव्हा बेरजा करत राहायचा. मे १९९० मध्ये संख्या दहा लाख अंकांची झाली तेव्हा २४,१५,८३६ पायऱ्या झाल्या होत्या आणि पॅलिंड्रोम एकही नव्हता. नंतर इतरांनी ती एक अब्ज अंकांपर्यंत नेली, २०१५ मध्ये. तरी नाही. पण एक अब्ज अंकांपर्यंत न सापडणं वेगळं आणि कधीच न सापडणं वेगळं.

हजाराच्या आत असल्या अडलेल्या संख्या तेरा आहेत. पण साखळ्या दोनच. २९५, ३९४, ७९० वगैरे बहुतेक जण १९६ च्याच वाटेला लागतात, २९५ + ५९२ सुद्धा ८८७ च. ८७९ आणि ९७८ यांची वाट वेगळी.

दुर्वा_कुपवाड

मग इतक्या वर्षांत सिद्ध का करता आलं नाही? 'कधीच होत नाही' असं दाखवायला काहीतरी पकड मिळायला पाहिजे ना?

गणित_निवृत्त

पकड मिळते, पण दुसऱ्या पायावर. नुसत्या ० आणि १ ने लिहायच्या द्विमान पद्धतीत १०११० म्हणजे आपला २२ घ्या. चार पायऱ्यांनी तो १०११०१०० होतो. आणखी चार पायऱ्यांनी १०१११०१०००. आकृती तीच राहिली: आधी १०, मग एकांची रांग, मग ०१, मग तेवढीच शून्यं. दर चार पायऱ्यांना रांगेत एक १ आणि मागे एक ० वाढतो, आणि मधल्या तीन पायऱ्यांचेही ठरलेले साचे आहेत. त्यातला एकही साचा पॅलिंड्रोम नाही, म्हणून हा कधीच संपत नाही, आणि ते कागदावर पूर्ण सिद्ध करता येतं. दहाच्या पायात १९६ च्या साखळीत असा परत परत येणारा साचा कोणाला सापडलेला नाही. हातचे कुठे पडतील याला काही घाटच दिसत नाही. गाडी तिथे अडली आहे.

वारणाकाठ

सर, माझा दुसरा प्रश्न राहिला. चुकीच्या वाटेवर पॅलिंड्रोम कसा आला? आणि पोराने आणखी एक विचारलंय, अकराचा ताळा लावला असता तर चूक सापडली असती का? आमच्या बाबांना तोही येतो.

गणित_निवृत्त

अकराचा ताळा आधी घेतो, कारण त्यात एक गंमत आहे. एक सोडून एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या आणि त्यांचा फरक बघायचा. ८९ च्या साखळीत पहिलीच बेरीज १८७ म्हणजे ११ गुणिले १७, आणि एकदा ११ ने भाग गेला की पुढेही जातच राहतो. म्हणून दर ओळीला फरक ० किंवा ११ च्या पटीत यायला हवा. बरोबर १२ व्या ओळीत, ८५१८९२४७ मध्ये, ८, १, ९, ४ मिळून २२ आणि ५, ८, २, ७ मिळूनही २२. फरक शून्य. वहीतल्या ८५१९२८४७ मध्ये ८, १, २, ४ मिळून १५ आणि ५, ९, ८, ७ मिळून २९. फरक १४. चूक पकडली!

पण फक्त त्याच ओळीत. १३ वी ओळ १६००२२००५ बघा: १, ०, २, ०, ५ मिळून ८ आणि ६, ०, २, ० मिळूनही ८. पुन्हा शून्य, जणू काही झालंच नाही. कारण सम अंकांच्या कुठल्याही संख्येत तिची उलटी मिळवली की बेरजेला ११ ने भाग जातोच, संख्या बरोबर असो वा चुकीची. १२ वी ओळ आठ अंकी, म्हणून १३ व्या ओळीने चूक पुसून टाकली. शेवटी एकदाच ताळा बघणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. ताळा दर ओळीला घ्यायचा तो एवढ्यासाठी. आणि एक अंक मध्ये सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल झाली असेल तर ती अकराच्या ताळ्यालाही दिसत नाही, तिथे रकान्यांचीच तपासणी लागते.

आता पॅलिंड्रोमचं. ८५१९२८४७ चे रकाने लिहा: १५, ९, ९, ११, ११, ९, ९, १५. यात चार ठिकाणी ९ आहे. उजवीकडच्या १५ चा हातचा शेजारच्या ९ ला लागतो, त्याचे १० होतात, तिथे शून्य उरतं आणि हातचा पुढे जातो. पुढच्या ९ चंही तेच. अशी चार ठिकाणी शून्यं पडून १६००२२००५ तयार झालं. शून्यं जास्त असली की जोड्यांच्या बेरजा लहान राहतात: १ आणि ५ सहा, ६ आणि ० सहा, ० आणि ०, ० आणि २, आणि मधल्या २ ची दुप्पट ४. एकही हातचा नाही, म्हणून ६६०२४२०६६. भाच्याची १३ वी आणि १४ वी बेरीज अगदी बरोबर आहे. तो फक्त ८९ ची साखळी सोडून ८५१९२८४७ च्या साखळीवर गेला, आणि ती दोन पायऱ्यांत संपणारी निघाली.

मुनीम_मार्केटयार्ड

सरांचा रकान्यांचा हिशेब वाचून कागदावर केला. आम्ही पेटीवर बसून बेरजा करायचो तेव्हा रकान्याच्या बेरजा आधी बाजूला मांडून हातचे मागाहून सोडवायचो, कोणी मध्येच बोलवलं तरी हातचा विसरत नसे. इथे तीच सवय चालली. ७९ केलं: १७६, ८४७, १५९५, ७५४६, १४००३, ४४०४४. शेवटच्या पायरीला १ आणि ३ चार, ४ आणि ० चार, मधल्या शून्याची दुप्पट शून्य. सहा पायऱ्यांत सुटलं. मग ९७ केलं तर पहिल्याच बेरजेला पुन्हा १७६. दोन अंकी संख्यांत उलट केलं तरी तेच होणार हे कळतं, पण ८८ केलं तरी १७६ च आलं. ते का?

मंजिरी_मिरज

काका, हे मी सांगते. दोन अंकी संख्येत दोन्ही रकान्यांत तीच जोडी असते. म्हणून पहिली बेरीज म्हणजे दोन अंकांची बेरीज गुणिले ११, बाकी काही नाही. ७९, ९७ आणि ८८ या सगळ्यांत अंकांची बेरीज १६, म्हणून १६ गुणिले ११, १७६. आता ८८ मुळातच पॅलिंड्रोम आहे, त्याला खेळायची गरज नाही, पण खेळला तर वाट तीच. अंकांची बेरीज १७ होते ती फक्त ८९ आणि ९८ यांची, आणि तीच एक वाट २४ पायऱ्यांची. बाकी दोन अंकी सगळ्या सहा किंवा त्याहून कमी पायऱ्यांत संपतात. ९९ सुद्धा पुढे चालवलं तर १९८, १०८९, १०८९०, २०६९१, ४०२९३, ७९४९७, सहाच.

सर, बरोबर आहे ना हे?

गणित_निवृत्त

अगदी बरोबर. आणि तीन अंकी संख्येला हे तसंच लागू होत नाही हेही लक्षात ठेवा. तिथे पहिल्या आणि शेवटच्या अंकाची बेरीज आणि मधला अंक, दोन्ही सांगावे लागतात. म्हणूनच १९६, २९५, ३९४ एका वाटेला: बाजूच्या अंकांची बेरीज तिन्हीत ७ आणि मधला अंक तिन्हीत ९.

अप्पा_तासगाव

मी बी केलं बगा. आमच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार, १५९५. दोन पायऱ्या झाल्या, १४००३ वर आलो. आता मुनीमकाकांचीच वाट की वो ही!

वारणाकाठ

अप्पा, म्हणजे पुढची पायरी ४४०४४, तुमचं झालं.

भाच्याने काल संध्याकाळी १२ व्या ओळीपासून सरांच्या रकान्यांनी पुन्हा केलं. १८ व्या ओळीला एक हातचा निसटला होता, तो ताळ्याने तिथल्या तिथे सापडला, ८ यायला हवा होता आणि ७ आला. पुढे २४ व्या ओळीपर्यंत सगळं हातचा_एक यांच्या यादीशी जुळलं. चुकलेल्या ओळी पण त्याने पुसल्या नाहीत, शेजारी ठेवल्यात.

आता तो विचारतोय की अशा किती चुका आहेत ज्या केल्या तर ८९ ला २४ च्या आधीच पॅलिंड्रोम मिळेल. म्हणजे २४ पैकी कुठल्याही एका पायरीला उलटं लिहिताना शेजारचे दोन अंक बदलायचे आणि पुढे सगळं बरोबर करायचं.

हातचा_एक

हा प्रश्न मस्त आहे. दर पायरीला संख्येत जितके अंक असतील त्यापेक्षा एक कमी शेजारच्या जोड्या. पहिल्या पायऱ्यांना एक-दोन, शेवटच्या पायरीला बारा. सारखे अंक शेजारी असतील तर बदलून काही होत नाही, त्या जोड्या सोडायच्या. मोजणी सोपी आहे, पण एक अडचण दिसते. चुकलेली एखादी वाट १९६ सारखी शेवट न सापडणारी निघाली तर? तिला शंभर पायऱ्यांवर तोडावं लागेल, आणि 'शंभरपर्यंत आला नाही' एवढंच म्हणता येईल. २४ च्या आत किती, हे मात्र नक्की मोजता येईल. उद्या कामावरून आलो की लावतो.

गणित_निवृत्त

लावा. आणि मोजताना एक वेगळं लिहून ठेवा: त्यातल्या किती चुका अकराच्या ताळ्याला त्याच ओळीत दिसतात आणि किती पुढच्याच ओळीत पुसल्या जातात. माझा अंदाज आहे की सम अंकी ओळींवर पुसल्या जाणाऱ्या जास्त निघतील, पण विषम अंकी ओळींचं मला आधी सांगता येणार नाही.